उ: मीठ-कराविरुद्ध दांडीच्या आधीचे आंदोलन

"1930 च्या आधी मिठाच्या करावरून लोक कधी रस्त्यावर उतरले होते का?"

उतरले होते, आणि आमच्या बडोद्याहून फार दूर नाही, सुरतेत. 1844 मध्ये कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात शहरजकात आणि कारागिरांवरचा मोहतर्फा नावाचा कर काढला आणि ती तूट भरायला मिठाचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला. म्हणजे ओझं व्यापाऱ्याच्या माथ्यावरून उतरवून चुलीवर ठेवलं. ऑगस्टमध्ये सुरतेत दुकानं बंद झाली, हजारोंचा जमाव जमला, आणि सरकारला कर बारा आण्यांवर आणावा लागला. विजय अर्धाच, कारण आठ आणे परत आलेच नाहीत.

एक रुपया म्हणजे किती, तेही पाहू. बंगाली मण सुमारे 37 किलोचा. पाच माणसांच्या घराला वर्षाला 25-30 किलो मीठ लागतं असं धरलं, तर वर्षाचा नुसता कर अकरा ते तेरा आणे. सावकाराच्या घरीही तितकाच, कारण श्रीमंत काही दुप्पट मीठ खात नाही. उलट कष्टाने घाम गाळणाऱ्याला जास्त लागतं. गुरांचं आणि मासे खारवायचं वेगळंच.

पंधरा वर्षांनी, 1859 मध्ये, तोच रुपया परत आला. 1857 च्या खर्चाने तिजोरी रिकामी झाली होती. नंतर तो चढतच गेला; 1878 च्या सुमारास अडीच रुपयांवर पोचला.