मदत हवी आहे: पायाचा फ्लोट 4 की 6?

शिरोली_शेड: शिरोली एमआयडीसीत शेडचं काम आहे. नेटवर्क हातानं सोडवलंय, एकूण 29 दिवस येतात. पायाचा फ्लोट मला 6 येतोय, सल्लागारांच्या तक्त्यात 4 आहे. ठेकेदार पाया 5 दिवस उशिरा म्हणतोय. लवकर सांगा.

रंकाळाकाठ: कामांचे दिवस आणि कशानंतर काय, हे दिल्याशिवाय कसं सांगणार?

शिरोली_शेड: खोदाई 4, मग पाया 6. फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये पहिल्यापासून, 14. पाया आणि फॅब्रिकेशन दोन्ही झाले की उभारणी 5, मग पत्रे 4. पाया झाला की भिंत 7. भिंत आणि पत्रे झाले की फ्लोअरिंग 6.

करवीर_प्लॅनर: 0 ऐवजी 1 पासून मोजलं असणार. फरक तिथंच पडतो.

रंकाळाकाठ: त्यानं तारखा सरकतात, पण दोन्ही पास एकाच पद्धतीनं केले तर फ्लोट तोच राहतो. गडबड बॅकवर्ड पासमध्ये आहे.
पुढं जाताना पाया 10 ला संपतो, फॅब्रिकेशन 14 ला. उभारणीला दोन्ही लागतात म्हणून मोठा आकडा, 14. ती 19 ला संपते, पत्रे 23 ला, फ्लोअरिंग 29 ला. भिंत 17 लाच होते.
आता उलटं या. फ्लोअरिंग उशिरात उशिरा 23 ला सुरू व्हायला हवं. म्हणजे पत्रे 19 ला, उभारणी 14 ला, भिंत 16 ला. पायामागून उभारणी आणि भिंत दोन्ही निघतात. तिथं लहान आकडा घ्यायचा, 14. तुम्ही 16 घेतलाय. 14 वजा 10, फ्लोट 4. पाया 5 दिवस लांबला तर काम 30 दिवसांवर जाईल.
आणि हे 4 दिवस खोदाई-पाया मिळून आहेत. खोदाईनं 3 खाल्ले तर पायाला 1 उरतो.

पंचगंगा77: पायावर चार मजूर वाढवा, शेड लवकर होईल.

करवीर_प्लॅनर: एक दिवससुद्धा वाचणार नाही, पाया क्रिटिकल नाहीच. फॅब्रिकेशन 14 चं 10 केलं तर 25 दिवसांत होईल. त्याखाली नेऊन उपयोग नाही, कारण तिथं खोदाई-पायाही क्रिटिकल होतात.

उजळाईवाडी_साईट: क्युरिंग कुठंय? काँक्रीट ओतल्यावर लगेच कॉलम उभे करणार का? 7 दिवस धरा. 4, 6 आणि 7 म्हणजे 17. उभारणी 17 ला सुरू, काम 32 दिवस. क्रिटिकल पाथ पायातून जातो आणि फॅब्रिकेशनलाच 3 दिवस फ्लोट मिळतो.

करवीर_प्लॅनर: पाणी मारणं सुरू असताना उभारणी करता येते. पूर्ण 7 कशाला?

उजळाईवाडी_साईट: अँकर बोल्टवर भार येण्याआधी ताकद यायला हवी. किती दिवस ते डिझायनरनं सांगायचं, पण शून्य नक्कीच नाही.

रंकाळाकाठ: शिरोली, पायाच्या 6 दिवसांत हे थांबणं धरलंय का? नसेल तर 4 सुद्धा खरा नाही.

शिरोली_शेड: फक्त खडी, सेंट्रिंग, सळई आणि ओतकाम धरलंय. डिझायनरना विचारतो. तोवर ठेकेदाराला हो म्हणत नाही.