अनुभव धागा: फ्लोशीटवर ७८, पॅनलवर ७६

धागा काढणारी, बेळगाव: फ्लोशीट हातात घेऊन तासातासाला रीडिंग लिहायची इंटर्नशिप ज्यांनी केलीय, त्यांनी आपापली फजिती सांगा. माझी आधी.

खानापूरकडच्या एका डिस्टिलरीत होते. पीएफडीवर, म्हणजे त्या फ्लोशीटवर, रेक्टिफायर कॉलमच्या टॉपला ७८ अंश, पॅनलवर कायम ७६. पहिल्याच रात्री मी लॉगशीटवर शेरा मारला, ‘आरटीडी खराब’, म्हणजे तापमानाचा सेन्सरच बिघडलाय. शिफ्टचे अण्णा वाचून एवढंच म्हणाले, "कँटीनमध्ये चहाचं पाणी उकळतंय बघ, त्यात लॅबचा थर्मामीटर धर." साडेसत्त्याण्णव! बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी काय नि अल्कोहोल काय, लवकर उकळतं. आकृतीच्या कोपऱ्यात दाब १.०१३ बार छापलेला होता, म्हणजे समुद्रसपाटीचा. मी तो वाचलाच नव्हता.

चिकोडीचा पाहुणा: ७६ म्हणजे कॉलम व्हॅक्यूमवर असणार. आमच्याकडे तसंच आहे.

जुना ऑपरेटर: व्हॅक्यूमवर खाली येतं हे खरं, पण ते दोन अंशांवर थांबत नाही, खूप खाली जातं. हिच्या कॉलमचा व्हेंट उघडा असेल तर उंचीचाच हिशेब.

खरा घोटाळा पुढे आहे. आमच्याकडे एका पोराने पहाटे टॉप ७७.५ लिहिलं आणि वर ‘डिझाइनजवळ, ओके’! अरे बाबा, इथं ७६ ला चांगला स्पिरिट येतो. दीड अंश चढला म्हणजे पाणी वर यायला लागलं. हायड्रोमीटर बुडवला तर ताकद ९५ वरून नव्वदीकडे घसरलेली. स्टीम कमी केली, रिफ्लक्स वाढवला, तेव्हा हळूहळू खाली आलं. एकटा आकडा बघू नये, मागच्या चार तासांचे बघावेत.

खानापूरकर: माझ्या ड्रेन व्हॉल्व्हचा नंबर पीएफडीवर सापडेना. आकृती जुनी आहे का?

धागा काढणारी: नाही हो, ते सगळं पीअँडआयडीवर असतं. तो वेगळा कागद मागा.

निपाणीची: माझं फ्लोवर अडलं होतं. आकृतीवर स्पिरिट तासाला २४३० किलो, मीटर दाखवी ३ घनमीटर. मी ३००० धरून ‘जास्त’ लिहिलं. सरांनी घनता विचारली. ०.८१ ने गुणल्यावर बरोबर २४३०. लाजले अगदी.

जुना ऑपरेटर: मीटर कुलरच्या आधी की नंतर? गरम स्पिरिट हलका असतो, मग ०.८१ चालणार नाही.

निपाणीची: अगं बाई, ते बघितलंच नाही. उद्या लाइन धरून चालत जाते.