माहितीपत्रकातले शब्द: ‘थुंकी’ की ‘लाळ’, ‘उठल्यावर’ की ‘जाग आल्यावर’, आणि ‘ताण मोजणे’

भाषांतरवाली, सोलापूर
विडी वळणाऱ्या बायकांमधल्या दीर्घकालीन ताणावर आमच्याकडे एक संशोधन व्हायचंय. लाळेतलं आणि केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक, तपासणार आहेत. बायकांच्या हातात द्यायचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आहे आणि तीन जागी अडलंय. नमुन्याला ‘थुंकी’ म्हणू की ‘लाळ’? सूचनेत ‘सकाळी उठल्यावर लगेच पहिला नमुना, अर्ध्या तासाने दुसरा, पाऊण तासाने तिसरा’ असं लिहिलंय, ते चालेल का? आणि मथळा ‘ताण मोजणारी तपासणी’ ठेवावा का?

निवृत्त मास्तर
‘थुंकी’च लिहा. सगळ्यांना कळणारा शब्द आहे. ‘लाळ’ म्हटलं की तान्हं पोर नाहीतर ‘लाळ गाळणं’ आठवतं. बाईमाणसाला ते बरं वाटणार नाही.

लॅबमधली
मास्तर, शब्द सोपा आहे, पण दवाखान्यात त्याचा अर्थ ठरून गेलाय. ‘थुंकी तपासायचीय’ म्हटलं की टीबी. डबी हातात दिली की बाई खाकरून बेडका काढून देते, आणि शेजारणीने पाहिलं तर चाळभर चर्चा होते ती वेगळीच. आम्हाला छातीतलं काही नको, तोंडात आपोआप सुटणारं पाणी हवं. म्हणून ‘तोंडात साठलेली लाळ, खोकायचं-खाकरायचं नाही’ असं लिहा.

आणि ताई, मशेरीचं नाव घेऊन लिहा. ‘तंबाखू टाळा’ म्हटलं की मशेरी लावणाऱ्या बाईला ते आपल्यासाठी वाटतच नाही, कारण ती तंबाखू खात नाही, दात घासते. निकोटिनने कॉर्टिसॉल वाढतं. शिवाय हिरडी चोळून रक्त आलं तर घोटाळा ठरलेला, कारण रक्तातलं कॉर्टिसॉल लाळेपेक्षा कितीतरी जास्त असतं. नमुना गुलाबीसर दिसला तर आम्ही बाजूला काढतो. तेव्हा तिन्ही नमुने होईपर्यंत मशेरी नाही, चहा नाही, चूळ भरायची तर साध्या पाण्याने आणि नमुन्याच्या बऱ्याच आधी.

भाषांतरवाली, सोलापूर
हे दोन्ही घेतलं. ‘उठल्यावर’चं काय?

लॅबमधली
तो शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. डोळे उघडल्यापासून पुढच्या 30 ते 45 मिनिटांत कॉर्टिसॉल झपाट्याने चढतं आणि मग दिवसभर उतरत जातं. आपल्याला ती चढण पाहायचीय. घड्याळ जाग आल्यापासून सुरू होतं, अंथरूण सोडल्यापासून नाही. पण मराठीत ‘उठले’ म्हणजे कामाला लागले.

समजा एका बाईला 5 वाजता जाग आली. त्या दिवशी पाण्याची पाळी, नळ आला, तिने हंडे-टिपाडं भरली आणि मग डबी आठवली. पहिला नमुना 5:35 ला, आणि अर्ध्या तासाने दुसरा 6:05 ला. खरं म्हणजे 5 वाजता तिचं कॉर्टिसॉल लिटरमागे 8 नॅनोमोल होतं आणि साडेपाचच्या सुमारास 14 वर गेलं होतं. आपल्या हातात मात्र 14 आणि मग 10 येतं. कागदावर दिसतं की या बाईला सकाळची चढणच नाही, आणि अभ्यासात तिची नोंद ‘ताणाने थकलेली’ अशी व्हायची भीती. बाई ठणठणीत आहे, चुकलाय तो पहिला नमुना. पुष्कळ जणींचा पहिलाच आकडा सगळ्यात मोठा दिसला, तर आधी वेळांवर संशय घ्यायचा.

म्हणून लिहा: ‘जाग आल्याबरोबर, अंथरुणावर असतानाच’. आदल्या रात्री डबी उशाशी ठेवायला सांगा. जाग कधी आली आणि नमुना कधी घेतला, या दोन वेळा वेगवेगळ्या लिहून घ्या. मोठ्या अभ्यासांत झाकण उघडल्याची वेळ आपोआप नोंदणाऱ्या बाटल्या देतात, कारण माणसं प्रामाणिकपणे लिहितात तरी वेळ चुकते.

निवृत्त मास्तर
मग एवढा खटाटोप कशाला? सरळ केस घ्या. तीन महिन्यांची साखर काढतात तसंच आहे ते. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 3 सेंटिमीटरमध्ये तीन महिन्यांचा सगळा ताण लिहिलेला. केस खोटं बोलत नाही. मथळा ‘ताण मोजणारी’ अगदी योग्य आहे.

लॅबमधली
अर्धं पटलं. केसाला वेळेचा जाच नाही. पाणी आलं म्हणून आकडा बदलत नाही. डोक्याच्या मागे, भोवऱ्याच्या जरा खालून पेन्सिलीएवढी बट कातडीलगत कापतात आणि डोक्याकडच्या टोकाला दोरा बांधतात. तो दोरा सुटला तर कुठलं टोक ताजं हेच कळत नाही आणि नमुना वाया जातो. बाकी पाकिटात घालून कपाटात ठेवला तरी चालतो. लाळ मात्र फ्रीजमध्ये जायला हवी, आणि सोलापूरच्या मे महिन्यात ही साधी गोष्ट नाही.

पण तुमच्या साखरेला ठरलेली मर्यादा आहे, केसातल्या कॉर्टिसॉलला तशी सर्वमान्य रेघ नाही. टोकाकडे जावं तसं धुण्याने, उन्हाने ते कमी होत जातं. म्हणून लांब वेणी मिळाली तरी वर्षभराचा इतिहास वाचता येत नाही, 6 सेंटिमीटरच्या पुढे तर विश्वासच ठेवू नये. ब्लीचने आकडा उतरू शकतो. गजकर्णाची स्टिरॉइडवाली ट्यूब लावत असेल तर आकडा भलतंच सांगू शकतो, आणि ती ट्यूब औषध आहे असं पुष्कळ जणी सांगतच नाहीत. ‘मलम’ हा शब्द पत्रकात हवाच.

आता ‘ताण’. 2017 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले. ज्यांचा ताण चालूच होता त्यांच्या केसांत कॉर्टिसॉल सरासरी 43 टक्के जास्त निघालं, पण ज्यांचा ताण होऊन गेला होता त्यांच्यात ठोस फरक दिसला नाही. आणि ‘तुम्हाला किती ताण वाटतो’ या प्रश्नाच्या उत्तराशी केसाच्या आकड्याचा मेळ जवळपास बसतच नाही. उद्या एखादी म्हणाली, ‘मी रात्र-रात्र जागते आणि तुमचा कागद म्हणतो मला ताण नाही’, तर तिला काय सांगणार?

यंत्रमागवाला
मॅडम, मी टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला आहे. महिनाभर केस फार गळतायत. ताणामुळेच का ते बघायला ही केसाची तपासणी कुठं होते? किती पैसे लागतील?

लॅबमधली
भाऊ, त्यावर पैसे घालवू नका. ही तपासणी शंभर जणांचा गट दुसऱ्या गटाशी ताडून बघायला आहे, एकट्या माणसाचं निदान त्यातून होत नाही. केस गळतात त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, ते रक्त, थायरॉइड बघतील. पण तुमच्यावरून आठवलं, ताई: रात्रपाळीवाल्याची जाग दुपारची असते. पत्रकातून ‘सकाळी’ काढा. अशांचे लाळेचे आकडे वेगळेच ठेवावे लागतात, त्यांच्यासाठी केस बरा.

कुंभारीची
आमच्याकडे पुष्कळ जणी तिरुपतीला केस देतात. नुकतीच जाऊन आलेली बाई काय देणार? आणि मेंदी तर घरोघरी. मेंदीने आकडा बदलतो का? दुसरं म्हणजे, आमच्या आया घरात तेलुगू बोलतात. मराठी समजतं, वाचायला जड जातं.

लॅबमधली
केस 3 सेंटिमीटर होईपर्यंत थांबावं लागेल, नाहीतर तिची फक्त लाळ घ्यायची. मेंदीबद्दल मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. शेवटची कधी लावली ते लिहून घ्या आणि लावणाऱ्या, न लावणाऱ्या वेगळ्या करून बघा.

निवृत्त मास्तर
‘थुंकी’ सोडली. पण मथळ्याचं मला अजून पटत नाही. ‘कॉर्टिसॉल तपासणी’ लिहिलं तर कोण येणार? बाईला ताणाबद्दल बोलायचं असतं.

भाषांतरवाली, सोलापूर
‘ताणाच्या अभ्यासासाठी केस आणि लाळ’ असं करून बघतेय, ‘मोजणे’ काढलं. कुंभारीच्या ताई, ‘जाग आल्याबरोबर, अंथरुणावर असतानाच’ ही ओळ तुमच्या आईंना वाचून दाखवाल का? त्यांनी डबी कधी उघडली असती, ते विचारून कळवा.