‘चालेल’ लिहिलंत की मुदत वाढते

> ‘सप्लायर दर वेळी मालाची नवी तारीख देतो आणि ती पाळत नाही. आता त्याला काय उत्तर लिहू?’

सगळ्यात आधी, व्हॉट्सॲपवर ‘ओके, चालेल’ लिहिणं थांबवा. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. 200 फ्लँजच्या ऑर्डरवर मी तीनदा ‘चालेल’ लिहिलं आणि भरपाई मागितल्यावर सप्लायरने तेच मेसेज माझ्यासमोर धरले. करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे मुदत आपणच वाढवून देऊ शकतो, आणि मी नकळत तेच केलं होतं. शिवाय वेळ हा कराराचा गाभा असेल, तर उशिराचा माल घेतानाच ‘भरपाईचा हक्क राखून घेतोय’ असं कळवावं लागतं, नाहीतर कलम 55 नुसार नंतर ती मागता येत नाही.

चौथ्या वेळी मी परचेस ऑर्डरचा नंबर टाकून ईमेल केली: ‘मूळ तारीख उलटली आहे. 18 तारखेला संध्याकाळी 5 पर्यंत माल आला नाही, तर उरलेली ऑर्डर रद्द समजावी. तो माल आम्ही दुसरीकडून घेऊ आणि दरातला फरक तुमच्याकडून मागू. आज तयार नग किती, मशीनवर किती, कच्चा माल किती, एवढंच फोटोसह कळवा.’

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त कामाचा वाटतो. तारीख कुणीही देतो, पण नगांचा आकडा देताना शेडमध्ये जाऊन मोजावंच लागतं. आमचे 60 नग तयार निघाले, बाकीचं मटेरियल आलेलंच नव्हतं. ते 60 हक्क राखून त्याच दिवशी उचलले आणि 140 ची ऑर्डर दुसऱ्याला दिली.