मदत हवी आहे: बँकेचा टीडीएस आणि 26AS जुळत नाही

आईच्या एफडीवर 2024-25 मध्ये 82,000 रुपये व्याज झालं. बँकेच्या वार्षिक स्टेटमेंटमध्ये टीडीएस 8,200 दिसतो, 26AS मध्ये मात्र 6,150. कलम 194A खालच्या नोंदी तारखेनुसार लावून पाहिल्या. जून, सप्टेंबर, डिसेंबरचे 2,050 तंतोतंत आहेत, मार्चचे तेवढे गायब.

पॅन बरोबर आहे, एफडी एकटीच्या नावावर आहे, 15H दिलेला नव्हता. चौथ्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायची मुदत 31 मेलाच संपली, आता जुलै उजाडला. शाखेत दोनदा गेलो. "येईल आपोआप" एवढंच उत्तर (ते कसं, देव जाणे).

व्याज पूर्ण 82,000 दाखवणारच आहे. पण सर्टिफिकेटच्या आधारावर 8,200 क्रेडिट मागितलं तर 143(1) मध्ये 2,050 ची मागणी निघेल का, की बँकेकडून दुरुस्ती होईपर्यंत रिटर्न थांबवावं?