मदत हवी आहे: मुलांच्या विचारप्रक्रियेवरच्या प्रेझेंटेशनसाठी प्रश्न, शुक्रवारपर्यंत

सई_कोथरूड
शुक्रवारी डेव्हलपमेंटल सायकॉलॉजीचं प्रेझेंटेशन आहे. विषय: वेगवेगळ्या वयांत मुलं कसा विचार करतात आणि टप्प्यांचे सिद्धांत कुठे कमी पडतात. पियाजेच्या चार टप्प्यांच्या स्लाइड तयार आहेत. मॅडम म्हणाल्या, "प्रश्न नाहीत यात." चांगले पाच-सहा प्रश्न सुचवा, प्लीज लवकर.

शंतनू_एम
प्रश्न म्हणजे तुम्ही वर्गाला विचारायचे, की वायवात तुम्हाला विचारले जातील ते? बी.ए. की एम.ए.? वेळ किती?

वृंदा_आई
माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. शंभरपर्यंत अंक म्हणतो, पण सहा आणि आठमध्ये मोठा कोणता ते चुकतो. पहिलीला घालावं का? शिवाजीनगर भागात कोणी चांगले समुपदेशक माहीत आहेत का?

शंतनू_एम
वृंदाताई, यासाठी वेगळा धागा काढा, इथे तुमचा प्रश्न मागे पडेल. फक्त एवढंच सांगतो की अंकांची माळ म्हणणं आणि संख्या कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठ गोट्या मोजून झाल्यावर "किती?" विचारलं तर तो "आठ" म्हणतो की पुन्हा एकपासून मोजू लागतो, ते बघा.

सई_कोथरूड
एम.ए., दुसरं सेमिस्टर. पंधरा मिनिटं. प्रश्न मी वर्गाला विचारायचे, पण मॅडम उलट मलाही विचारतील. ओळखीच्या एका बालवाडीत मुलांचा व्हिडिओ घ्यायची परवानगी मिळाली आहे, हे सांगायचं राहिलं.

प्रसाद_डेक्कन
मग काम सोपं आहे. 1974 चा मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांचा खोडकर अस्वलाचा प्रयोग दाखवा. तेवढ्याच सोंगट्यांच्या दोन ओळींपैकी एक मोठ्या माणसाने हलवली, तर चार ते सहा वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात की लांब ओळीत जास्त आहेत. तेच खेळण्यातल्या अस्वलाने "चुकून" विस्कटलं तर निम्म्याहून जास्त मुलं बरोबर सांगतात. म्हणजे मांडणी बदलली तरी संख्या तेवढीच राहते, हे संख्येचं अक्षय्य चार वर्षांच्या मुलालाही कळतं, ते या वयात कळत नाही म्हणणारा पियाजेचा टप्पा खोटा ठरला. विषय संपला.

अनघा_प
प्रसाद, पहिला भाग बरोबर, निष्कर्ष नाही. मुलाने "सारखे" म्हटलं म्हणजे त्याला कळलं, हे इथे गृहीत धरलंय. 1986 मध्ये मूर आणि फ्राय यांनी अस्वलाला खरंच एक सोंगटी घालायला किंवा काढायला लावली. संख्या खरोखर बदलली, तरी अस्वलाच्या गडबडीत मुलं जुन्याच उत्तराला जास्त चिकटून राहिली. अस्वलामुळे मूल नीट विचार करतं असं नाही, काही वेळा ते ओळीकडे लक्षच देत नाही.

सई, तुझ्या पंधरा मिनिटांना ही एकच गोष्ट पुरेल. चारही टप्पे सांगत बसू नकोस. बालवाडीत असं कर.

बारा चिंचोके घे, सगळे एकाच आकाराचे, आणि तेरावा बाजूला ठेव. सहा-सहाच्या दोन ओळी, समोरासमोर जोड्या लागतील अशा. मुलाने सारखे आहेत म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. नाही म्हणालं तर जोड्या बोटाने दाखव. मग एक ओळ पसरव, दुपटीच्या आसपास लांब, आणि पुन्हा विचार. ही नेहमीची पद्धत.

दुसऱ्या पद्धतीत प्रश्न एकदाच, पसरल्यावर. रोझ आणि ब्लँक यांनी 1974 मध्ये हेच केलं आणि सहा वर्षांची मुलं कमी चुकली. तोच प्रश्न ताईने लगेच परत विचारला, तर "आधीचं चुकलं असणार" असं मुलाला वाटतं. शाळेत एरवीही असंच होतं, बरोबर उत्तरावर कोणी तोच प्रश्न पुन्हा विचारत नाही. तिसऱ्या पद्धतीत बाहुली येऊन ओळ विस्कटते. चौथ्यात बाहुली विस्कटताना तेरावा चिंचोका एका ओळीत सरकवते, मुलाच्या डोळ्यांसमोर.

ही चौथी सोडू नकोस. "सारखे" हेच उत्तर तोंडात बसलेलं मूल पहिल्या तिन्हींत पास होईल, चौथीत पकडलं जाईल. आणि एकाच मुलावर चारही लागोपाठ नकोत. दोन दोन कर आणि क्रम बदलत राहा.

प्रसाद_डेक्कन
पण मूर-फ्राय मान्य केलं तरी पियाजेच बरोबर होता असं होत नाही ना?

अनघा_प
नाही होत. एकदाच विचारण्याचा परिणाम अस्वलाशिवायही दिसतो. सॅम्युएल आणि ब्रायंट यांना 1984 मध्ये पाच ते आठ वर्षांच्या मुलांत तो मिळाला. पण त्याच अभ्यासात मोठी मुलं लहानांपेक्षा चांगलीच होती. प्रश्नाची रीत सुधारली तरी वयाचा फरक उरतो. तो टप्पा आहे की हळूहळू चढणारी रेघ, यावर वर्गाला भांडू दे.

महेश_कर्वेनगर
कोणी व्हायगॉट्स्की घेतच नाही! सगळं भाषेत आणि सोबतीत आहे. 1969 च्या अभ्यासात मेक्सिकोतल्या कुंभारांची मुलं मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच, हे ओळखण्यात पुढे निघाली. हाच सिद्धांत सिद्ध झाला, एवढं टाकलं की पुरे.

शंतनू_एम
महेशदादा, तो अभ्यास घ्यावाच, पण तो व्हायगॉट्स्कीची परीक्षा म्हणून केलेला नव्हता. त्यातून सरावाचा हात दिसतो, सोबतीचा नाही. मला त्याचा उपयोग वेगळ्या ठिकाणी दिसतो. चिंचोक्यांची संख्या मुलं सहा-सातव्या वर्षी धरतात, मातीचा गोळा लाटला तरी माती तेवढीच हे सात-आठाला, वजन तेवढंच हे नऊच्या आसपास आणि पाण्यात बुडवल्यावर आकारमान तेवढंच हे अकरा-बाराला. तर्क एकच आहे, "कोणी घातलं नाही, काढलं नाही." टप्पा म्हणजे एकसंध रचना असेल, तर चार-पाच वर्षांचं अंतर का? पियाजेला हे माहीत होतं, त्याने नावही दिलं, पण कारण समाधानकारक दिलं नाही. वर्गाला हाच प्रश्न विचारा.

सई_कोथरूड
खूप मदत झाली. तीन प्रश्न धरले. एक, तोच प्रश्न दोनदा विचारल्यावर मूल उत्तर बदलतं तेव्हा आपण विचारशक्ती मोजतोय की ताईचं मन ओळखणं? दोन, "सारखे" हे उत्तर पुरेसं की कारणही हवं? तीन, शंतनूंचा अंतराचा. दुसऱ्यावर मॅडमनी उलट विचारलं तर?

अनघा_प
म्हण की निकष बदलला की वय बदलतं. नुसतं उत्तर मोजलं तर मुलं लहान वयात पास होतात. पियाजे कारणही मागायचा: "परत जवळ आणले तर तेवढेच", "कोणी घेतले नाहीत", "ओळ लांब झाली पण मधे जागा आहे". यातलं एक तरी आलं पाहिजे. त्यात धोका हा की कारण सांगता येणं ही भाषेचीही परीक्षा आहे. पाच वर्षांचं मूल जाणतं पण मांडू शकत नाही, असं होऊ शकतं. व्हिडिओत मुलाचे हात बघ, चिंचोके परत जोडून दाखवणारं मूल बरंच काही सांगून जातं.

बालवाडी_ताई_सिंहगडरोड
शब्दांकडे लक्ष द्या. "सारखे आहेत का?" विचारलं की आमची मुलं दिसायला सारखे का तेच बघतात. पसरलेली ओळ दिसायला सारखी नसतेच, "नाही" म्हटलं तर चुकलं कुठे? "कुठली ओळ मोठी?" तर अजिबात नको, मोठी म्हणजे लांब. "या ओळीत जेवढे, तेवढेच त्या ओळीत आहेत, की कुठे जास्त आहेत?" असं विचारा. आणि दुपारच्या डब्यानंतर नको, झोपेला येतात.

शंतनू_एम
हे फार मोलाचं आहे. पण "जेवढे-तेवढे" हे लांबलचक वाक्य साडेचार वर्षांच्या मुलाला झेपेल का? मी "सारखे" ठेवून सुरुवातीला जोड्या दाखवून अर्थ पक्का करीन.

बालवाडी_ताई_सिंहगडरोड
जोड्या दाखवल्या की तुम्ही त्याला जोड्या शिकवल्यात. ओळ पसरली की जोड्या मोडतात, मग ते "नाही" म्हणणारच.

सई_कोथरूड
गुरुवारी सकाळी निम्म्या मुलांना "सारखे", निम्म्यांना "तेवढेच" असं विचारून बघते. सोळा मुलं आहेत, आठ-आठ होतील.

अनघा_प
आठ-आठमध्ये फरक दिसला तर तो निष्कर्ष म्हणून मांडू नकोस, चौथा प्रश्न म्हणून मांड.