उद्यमबागेत काम, टाइप-सी पोर्टात भुकटी: वायरलेस आणि रिव्हर्स चार्जिंगसाठी 4000 जास्त द्यावेत का?

सीएनसी_उद्यमबाग
कास्ट आयर्नचं मशीनिंग आहे. काळी भुकटी खिशात जाते, तिथून चार्जिंग पोर्टात. वर्षभरातच केबल सैल बसायला लागते. दोन फोन बघून ठेवलेत, दोन्हीची बॅटरी 5000 एमएएच. एकात वायरलेस आणि रिव्हर्स चार्जिंग आहे, तो 4000 रुपयांनी महाग. पोर्ट वाचवायला तो घ्यावा का?

रिपेअर_टेबल
माझं मत नाही असं आहे. केबल सैल बसते तेव्हा पोर्ट झिजलेला असतोच असं नाही. तळाशी भुकटी आणि खिशातला कापूस दाबून बसतो, त्यामुळं केबल अर्धा मिलिमीटर बाहेर राहते. मग फास्ट चार्जिंग जातं आणि साधं चार्जिंग तेवढं चालतं. फोन बंद करा, टूथपिक चपटी तासून घ्या आणि कडेकडेनं तळ उकरा. मधल्या जिभेला धक्का लावू नका. सुई नको. शॉपमधल्या एअर गननं तर अजिबात मारू नका, कारण कंप्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं. त्यानं भुकटी आतच चिकटते.

पिना खरोखर जळतात त्या ओल्या पोर्टात केबल लावल्यानं. कूलंटचा हात लागला, भुकटीचा चिखल झाला आणि त्यावर चार्जर लावला, की करंट देणारी पिन आधी काळी पडते, मग खाल्ली जाते. साध्या फोनात चार्जिंगची पट्टी वेगळी असते आणि ती हजार रुपयांच्या आसपास बदलून मिळते. पोर्टात बसवायचं सिलिकॉनचं बूच 20-30 रुपयांना मिळतं. त्यासाठी 4000 कशाला?

खानापूर_पाऊसवाला
अण्णा, तुम्ही रिपेअरच्या बाजूनं बोलताय. इकडं जून ते सप्टेंबर पोर्ट कोरडा राहतच नाही. स्क्रीनवर ओलाव्याचा इशारा आला की केबलनं चार्जिंग बंद, पण पॅडवर फोन ठेवला की चालू. पुन्हा पट्टी बदलायला फोन उघडला की पाण्यापासून वाचवणारं सील तुटतं. ते आधीसारखं बसवून देणारे किती? वायरलेस असलं तर पोर्ट उघडायची गरजच नाही. वॉट कमी म्हणून बॅटरीही जास्त टिकते. मॅग्नेटवाला घ्या, आपोआप बरोबर जागी बसतो.

रिपेअर_टेबल
ओलाव्याचं आणि सीलचं म्हणणं मान्य, बॅटरीचं नाही. बॅटरीला त्रास उष्णतेचा होतो. पॅडवर सगळं नीट बसलं तरी चौथाई वीज वाटेतच उष्णता होऊन जाते, आणि त्यातली बरीचशी फोनच्या पाठीत, म्हणजे बॅटरीला लागूनच. फोन थोडा सरकला की आणखी तापतो. एप्रिलमध्ये अथणी-रायबागकडं दुपारी पॅडवर ठेवलेला फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो.

आणि मॅग्नेट? प्रश्न विचारणारा कास्ट आयर्नवर आहे! मॅग्नेटच्या कड्याला भुकटीची दाढी येईल. ती पॅड आणि फोनच्या मध्ये सापडली की चुंबकीय क्षेत्रात तीच तापते. पॅडला मध्ये धातू आहे असं कळलं की लाईट लुकलुकते आणि चार्जिंग थांबतं. थर पातळ असेल तर कळतही नाही, नुसता फोन गरम लागतो आणि पाठीवर ओरखडे पडतात. फडक्यानं पुसून ती जात नाही, पसरते. रुंद सेलोटेप चिकटवून उचलायची.

सीएनसी_उद्यमबाग
हे लक्षातच आलं नव्हतं. मॅग्नेट नसलेला पॅड घरी ठेवला, शॉपमध्ये नेलाच नाही तर?

रिपेअर_टेबल
तर चालेल. अंघोळीनंतर फोनची पाठ आणि कव्हर पुसून ठेवायचा. कव्हर 3 मिलिमीटरपेक्षा जाड नको. मागं एटीएम कार्ड किंवा लोखंडी रिंग नको. पण खर्च नीट धरा. पॅड वेगळा, आणि त्याला 9 व्होल्ट देणारा 20 वॉटचा पीडी अडॅप्टर लागतो. घरातल्या जुन्या अडॅप्टरवर 15 वॉटचा पॅड 5 वॉटच देतो, आणि माणूस म्हणतो पॅड खराब निघाला. हे धरून तुमचे 4000 सहाच्या घरात जातात. वेळ बघा: 15 वॉटच्या पॅडवर 5000 ची बॅटरी भरायला तीन तासांच्या आसपास, 45 वॉटच्या वायरनं सव्वा तास.

निपाणी_ताई
लाईट जाते तेव्हाचं कुणी बोलत नाही. माझी मुलगी बसनं कोल्हापूरला कॉलेजला जाते, तिचा फोन संध्याकाळी संपतो. रिव्हर्स चार्जिंग असलं तर माझ्या फोनवरून तिचा भरता येईल की. पॉवर बँक घ्यायला नको.

आकडेमोड_चिकोडी
ताई, मुलगी बसमध्ये आणि तुमचा फोन निपाणीत, तिथं ते उपयोगाचं नाही. ती घरी आल्यावरचं धरू. 5000 एमएएच म्हणजे साधारण 19 वॉट-तास. तिला 20 टक्के द्यायचे तर पावणेचार लागतील. पाठीला पाठ लावून देताना निम्मं वाया जातं, म्हणजे तुमच्या फोनातून साडेसात जाणार. तिला 20 टक्के मिळतात, तुमचे 40 जातात. वेळ दीड तासाच्या वर, आणि तेवढा वेळ दोन्ही फोन हलवायचे नाहीत. तुमची बॅटरी ठरावीक टक्क्यांखाली गेली की फोन देणंच बंद करतो. हेडफोनच्या डबीला ते पुरतं, कारण तिची सगळी भूक दोनेक वॉट-तासांची.

तेच टाइप-सी ते टाइप-सी वायरनं दिलं तर तुमचे 25 टक्के जातात, तासाभरात काम होतं. आणि ही सोय वायरलेस नसलेल्या बऱ्याच फोनांत फुकट असते. दुकानातच बघा: दोन फोन वायरनं जोडा, वरून नोटिफिकेशन ओढा, USB वर टॅप करा आणि `Charge connected device` दिसतं का ते पाहा. कोण कुणाला देतंय ते उलटं झालं असेल तर `USB controlled by` मध्ये बदलता येतं.

मुलीच्या पिशवीत मात्र 10000 ची पॉवर बँकच हवी. आतली वीज 37 वॉट-तास, हातात येते सुमारे 25. तिचा फोन एकदा पूर्ण भरून वर थोडी उरेल.

खानापूर_पाऊसवाला
रिव्हर्सचं पटलं, त्यासाठी पैसे देऊ नयेत. वायरलेसचं अजून नाही पटलं. फोन पाच वर्षं वापरायचा असेल तर पोर्ट एकदा तरी जाणारच. त्या दिवशी दुकान बंद असलं तरी फोन चालू राहतो, त्याची किंमत पट्टीच्या हजार रुपयांत बसत नाही.

रिपेअर_टेबल
पाच वर्षं वापरणार असाल तर तुमचं म्हणणं विचारात घ्यायला हवं. पण पाच वर्षांत बॅटरीही एकदा बदलावी लागते, आणि तेव्हा फोन उघडतोच, सील तुटतंच. दोन-तीन वर्षांत फोन बदलणाऱ्याला मी आजही बूच आणि टूथपिकच सांगेन.

सीएनसी_उद्यमबाग
मी चार वर्षं वापरतो, म्हणजे बरोबर मधे अडकलो. आधी बूच लावून बघतो. कूलंटच्या हातानं ते काढायचं नाही, एवढं पाळायला लागेल. महागड्या फोनात चार्जिंगची पट्टी वेगळी आहे की मेन बोर्डावरच, हे विकत घ्यायच्या आधी कसं कळेल?

रिपेअर_टेबल
मॉडेलचं नाव घालून सुट्या भागांच्या दुकानात 'चार्जिंग बोर्ड' मागा. नुसता पोर्ट दाखवला आणि पट्टी नाही म्हटलं, तर तो मेन बोर्डावर सोल्डर केलेला असण्याची शक्यता जास्त. तसं निघालं तर मी खानापूरवाल्यांच्या बाजूनं.